नकाशात नसलेलं तळं

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. देवीच्या कृपेचे अनुभव लोक लिहितात ते मी आवडीने वाचतो, आणि वाचून झाल्यावर दर वेळी मनात येतं की आपल्याजवळही एक आहे. पण तो लिहायचा तर तिच्या कृपेच्या आधी माझी करणी लिहावी लागते, म्हणून पेन खाली ठेवत आलो. आता वय झालं आहे. डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा पहिली भीती मरणाची वाटत नाही, हे न सांगता जाण्याची वाटते.

मी तळा या गावच्या पोस्टात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिलो. माझं मूळ गाव तिथून खाली, खाडीच्या काठाला. डोंगराच्या वाटा लहानपणापासून पायाखालच्या. निवृत्तीनंतर भाच्याने मोबाईल घेऊन दिला आणि डोंगर चढणाऱ्या मंडळींच्या एका फोरमवर माझं खातं उघडून दिलं. तिथे कुणी विचारायचं, अमुक सोंडेवरून उतरता येतं का, तमुक टाक्यात पाणी असतं का. मी उत्तर द्यायचो. ‘जुना गडी’ हे माझं तिथलं नाव. हळूहळू माझ्या शब्दाला वजन आलं. ‘काकांनी सांगितलं म्हणजे झालं’ असं पोरं लिहायची. आयुष्यात एवढा मान मला दुसरीकडे मिळाला नव्हता.

भाद्रपदातल्या पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी तिथे एक पोस्ट आली. लिहिणारीचं नाव मृणाल, पुण्याची. ती एकटी आमच्याकडच्या डोंगराच्या धारेवर चढली होती. धुक्यात वाट चुकली, मोबाईल भिजून बंद पडला, त्यामुळे फोटो नाही. मध्येच ढग फाटले आणि खाली तिला एक तळं दिसलं. ते कुठलं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी आठवेल ते सगळं तिने लिहिलं होतं. ते मी इतक्यांदा वाचलं की आजही जवळजवळ पाठ आहे.

‘पौर्णिमेची दुपार, बारा वाजून गेलेले. थोडा वेळ ऊन पडलं तेव्हा माझी सावली आखूड होती आणि तळ्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला पडत होती. हात लांब करून मूठ धरली तर तळं मुठीएवढं रुंद. पाणी दुधाच्या चहासारखं, शेवाळ नाही, कमळं नाहीत. धरणासारखी भिंत नाही, पण दोन बाजूंनी एक काळी रेघ, आणि ती एका ठिकाणी तुटलेली. पाण्यात वठलेल्या झाडांची एक ओळ. मधोमध छोटं पांढरं देऊळ, जोत्यापर्यंत बुडालेलं. देवळाच्या बरोबर वर, पलीकडच्या बुटक्या डोंगराची खिंड दिसत होती. पाण्याखाली चौकोन-चौकोन आखल्यासारखे दिसले. आणि हसू नका, पण दीड-दोन तासांनी पुन्हा ढग उघडले तेव्हा तळं लहान झालं होतं. देवळाचं जोतं कोरडं दिसलं. भास असेल. पण आई गेल्यापासून एवढं शांत काही मी पाहिलं नव्हतं. मला बाबांना तिथे न्यायचं आहे.’

त्यावर पोरांनी व्हायची तेवढी थट्टा केली. एकाने लिहिलं, ‘ताई, चहासारखं पाणी दिसलं म्हणजे भूक लागली असणार.’ दुसरा म्हणाला, ‘तळं आटतं दोन तासांत? तळाचं बूच काढलं काय कुणी?’ मी मात्र हसलो नाही. मला पहिल्या चार ओळींतच कळलं होतं. ते तळं नव्हतंच. ते माझ्या गावाचं भातशेत होतं.

खाडीकाठची आमची जमीन समुद्राच्या भरतीपेक्षा खाली. पूर्वजांनी खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालून ती राखली आणि आत भात पिकवला. बांधाच्या पोटात एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. तिची लाकडी फळी वरून टांगलेली, खाडीच्या बाजूला उघडणारी. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. इतकी साधी युक्ती. पण वाहून आलेला ओंडका फळीत अडकला तर दार मिटत नाही, आणि खारं पाणी त्या फटीतून असं घुसतं की बाजूची माती कापत नेतं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात रात्री उघाडीवर जागायची प्रत्येक घराची पाळी असायची. शेताच्या मध्यावर उंचवट्यावर देवीचं देऊळ. तिला सगळे उघाडीची आई म्हणत. पाळीचा माणूस आधी तिच्यापुढे दिवा लावायचा, ‘आई, आज पाळी माझी’ एवढंच म्हणायचा, आणि मग कंदील, आकडीचा बांबू आणि थाळी घेऊन बांधावर बसायचा. ओंडका दिसला तर आकडीने काढायचा. निघाला नाही तर थाळी पिटून गाव उठवायचं.

चाळीसेक वर्षांपूर्वी सर्वपित्रीच्या उधाणात पाळी माझी होती. मी दिवा लावला, कंदील बांधावर ठेवला, आणि पाऊस लागला तसा घरी जाऊन झोपलो. कारण एवढंच. आजारी नव्हतो, घरी कुणी अडलेलं नव्हतं. सकाळी बांध फुटून त्याला खांड पडलेली होती, आणि पुढच्या भरत्यांनी ती बुजवता येणार नाही एवढी रुंद केली. भात खाऱ्या पाण्याखाली गेलं ते कायमचं. लोक देवळाच्या पायरीवर जमले, मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, ‘मी होतो. ओंडका हिराजीच्या जाळ्याच्या खुंट्यातला होता. मी आकडी लावली, पण निघाला नाही.’ थाळी का पिटली नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण तोवर सगळे हिराजीकडे बघत होते.

हिराजी कोळी. खाडीच्या तोंडाशी खुंटे रोवून डोल जाळं लावायचा. माझा मित्र. त्याची कालवं मी खायचो आणि माझा तांदूळ तो न्यायचा. लोकांनी त्याला खाडीत जाळं लावू दिलं नाही, त्याच्या बायकोला विहिरीवर बोलू लागले. एकदा तो माझ्या दाराशी आला होता. मी आत होतो. बायकोला सांगितलं, ‘घरी नाही म्हण.’ तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मग घर मोडून बहिणीकडे थळला गेला. गाव पुढे सरकून रस्त्यावर आलं, पोरं मुंबईला कारखान्यांत लागली. शेताची खाजण झाली, भरतीचं पाणी येऊन-जाऊन असणारी पडीक खारी जमीन. देवी तिथेच राहिली. मी घरी रोज पूजा केली, एकादश्या केल्या, पण त्या देवळाकडे पुन्हा पाय वळवला नाही.

आता कुणी परकी पोरगी त्या जागेचं वर्णन करत होती आणि तिला ती शांत वाटली होती. वठलेली झाडं म्हणजे आतल्या बांधावरची आमची आंब्याची रांग. चौकोन म्हणजे शेतांचे बांध. तुटलेली रेघ म्हणजे ती खांड. मला वाटलं, फोरमवर कुणी त्या जागेचं नाव घेतलं की गावातलं कुणीतरी वाचेल, बोलणं निघेल, बांध कधी फुटला, कसा फुटला, पाळी कुणाची होती. म्हणून मी लिहिलं, ‘हे डोंगराच्या पूर्वेचं जुनं धरण आहे. मी ओळखतो.’ ते लिहिताना बोट थरथरलं नाही, याचीच मला आता लाज वाटते.

पण तिथे ‘नकाशेवाला’ नावाचा एक तरुण होता. फार बारकाईने काम करायचा आणि नम्रपणे लिहायचा. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. ‘काका, माफ करा, पण हे जमत नाही. भाद्रपदात दुपारी सूर्य आपल्या दक्षिणेला असतो, सावली उत्तरेला पडते. सावली हिच्या उजवीकडे होती, म्हणजे ही पश्चिमेकडे बघत होती. शिवाय तुमचं धरण धारेवरून दिसूच शकत नाही. मधली सोंड उंच आहे, उंचीच्या रेषा मोजून पाहिल्या.’ मग त्याने पश्चिमेला शोधलं. खिंडीचे बुटके डोंगर त्या बाजूला तीनच. प्रत्येक खिंडीतून रेघ ओढून धारेपर्यंत आणली. एक रेघ धारेला तिथेच मिळाली जिथून मृणालने उतरायला सुरुवात केली होती, आणि वाटेत त्या रेघेवर एक पांढरा ठिपका होता. उपग्रहाच्या चित्रात तिथे तळं नव्हतं, तपकिरी जमीन होती. पण जमिनीवर चौकोन होते, काळी रेघ होती, आणि रेघ एका जागी तुटलेली होती. रुंदीही जुळली. ‘मूठ म्हणजे साधारण दहा अंश,’ त्याने लिहिलं, ‘म्हणजे अंतराच्या सहाव्या हिश्शाएवढी रुंदी. बरोबर बसते. चित्र उन्हाळ्यातलं असावं. पावसाचं पाणी साठत असेल, पावसानंतर आटत असेल. ताई, हेच तुमचं तळं.’

त्याचं सगळं बरोबर होतं. एकच गोष्ट चुकली, आणि ती चूक मीच दुरुस्त करू शकत होतो. ते पाणी ऋतूने भरत नव्हतं, चंद्राने भरत होतं. पौर्णिमा-अमावास्येला आमच्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण भरती. खाडीच्या आत थोडी उशिरा. सकाळी सहा-सातला ओहोटी, तेव्हा खाजण कोरडी पडते, वरून घट्ट वाटते. रोज भरती पाऊण तास पुढे सरकते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, तर पाणी देवळापर्यंत येतही नाही. मृणालला जो भास वाटला तो भास नव्हता. तिने ओहोटी लागताना पाहिली होती. हे मी लिहायला हवं होतं. मी उलट फोरम बंद केला आणि फोन कपाटात ठेवून दिला. खोटं पकडलं गेलं या भीतीने मला दुसरं काही दिसलं नाही.

सर्वपित्रीला सकाळी पानं वाढायची होती. भाच्याला फोन करायचा म्हणून मोबाईल काढला आणि हात आपोआप तिकडे गेला. मृणालने आदल्या संध्याकाळी लिहिलेलं होतं. ‘नकाशेवाला, तुमचे उपकार. बाबा आणि मी धारेखालच्या वाडीत मुक्कामाला आलो आहोत. उद्या सकाळी सातपर्यंत खाली उतरू. पाणी आटलं असेल तर देवळापर्यंत चालत जाऊ. बाबांना आईचं तर्पण देवळापाशी करायचं आहे, दुपारपर्यंत थांबू. इथून पुढे रेंज नाही.’

मी घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून गेले होते. ती वेळ मला आजही रात्री जागं करते. सात वाजता खाजण कोरडी असते. ते दोघं चालत देवळापर्यंत गेले असणार. पाणी मागून येतं, आधी खालच्या नाळी भरतं, आणि जिथून माणूस आला ती वाट सगळ्यात आधी बुडते. समोर जमीन कोरडी दिसत असते, म्हणून माणूस मागे वळून बघत नाही. खांडीच्या आत, आंब्यांच्या रांगेपाशी, तर पाण्याने डोह कापला आहे. मी लिहिलं, ‘तिथून निघा, हे समुद्राचं पाणी आहे’, पण ते वाचायला कुणी नव्हतं. मग गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, ‘काका, आज पितरांचा दिवस, घरोघर पानं मांडलीत. तिकडे आता वाट तरी हाय का? तुम्हाला कुनी सांगितलं मानसं हायत म्हणून?’

‘मोबाईलवर वाचलं.’

‘मोबाईलवर,’ तो म्हणाला. ‘बरं. पोरं हायत का बघतो न् धाडतो.’

त्याच्या आवाजावरून मला कळलं की कुणी येणार नाही. मी चप्पल घातली आणि निघालो. बायको पानावर भात वाढत होती. ‘आता कुठे?’ असं तिने विचारलं, आणि मी तिला सांगितलं, ‘पाळीला.’ का ते मला ठाऊक नाही. तो शब्द कित्येक वर्षांत माझ्या तोंडून निघाला नव्हता.

रिक्षा मिळून गावाच्या फाट्यावर जाईपर्यंत, आणि तिथून जुनी वाट तुडवत बांधावर पोचेपर्यंत साडेदहा होऊन गेले. बांधावर तिवरं माजली होती. त्यांच्यातून अंग ओरबाडून घेत मी वर आलो आणि पाहिलं. खाजणभर पाणी पसरलं होतं, चहासारखं, अगदी शांत. मुलीने लिहिलं होतं तसंच. पाणी येताना आवाज करत नाही. खांडीशी मात्र ते फेसाळत आत पडत होतं. मधोमध देऊळ, आणि जोत्यावर दोन माणसं.

मी ओरडलो. वारा माझ्या तोंडावर होता, आवाज मागेच गेला. तेवढ्यात त्यातला म्हातारा जोत्यावरून उतरला आणि मुलीचा हात धरून माझ्या दिशेने पाण्यात पाय टाकू लागला. आले त्याच वाटेने ते परत निघाले होते. गुडघाभर पाणी, त्यांना वाटलं असेल, एवढंच तर आहे. त्या वाटेवर शंभरेक पावलांत तो डोह होता, सकाळी कडेने टाळता आला तरी आता पाण्याखाली न दिसणारा. मी अंगातला सदरा काढला आणि जोराने हलवू लागलो, नका येऊ, नका येऊ. आणि ते भराभर येऊ लागले. त्यांना वाटलं मी बोलावतो आहे. सदरा हलवणारा माणूस आणखी काय सांगणार? मी सदरा टाकला, दोन्ही हात हलवले, तर म्हातारा आणखी घाईने निघाला. मी वाचवायला म्हणून जे जे करत होतो ते त्यांना डोहाकडे ओढत होतं.

तिथे माझे पाय गेले. हे मी ठरवून केलं नाही, हे स्पष्ट लिहितो. मी बांधावर खाली बसलो, हात मांडीवर पडले. देवळाकडे तोंड होतं. इतक्या वर्षांनी मी तिच्याकडे पाहत होतो. मला मागता काहीच आलं नाही. माणसं वाचव म्हणायचा मला अधिकार नव्हता. तोंडातून एवढंच निघालं, ‘आई, आज पाळी माझी.’ आणि मी गप्प बसून राहिलो, कारण करण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

मृणाल थांबली. नंतर तिने सांगितलं, ‘आजोबा, तुम्ही एकदम खाली बसलात ना, तेव्हा मला वाटलं, हा माणूस बोलवत असता तर बसला नसता.’ तिने वडिलांना मागे ओढलं. ते मागे सरले, पाणी मांड्यांपर्यंत आलेलं, आणि पुन्हा जोत्यावर चढले. पण भरती अजून तासाभराहून जास्त बाकी होती. मला ठाऊक होतं, सर्वपित्रीचं उधाण देवळाच्या गाभाऱ्यात शिरतं. त्या जोत्यावर पोहता न येणारा माणूस कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात किती वेळ उभा राहील?

तेव्हा खांडीच्या बाजूने वल्ह्याचा आवाज आला.

एक छोटी होडी पाण्याच्या ओढीबरोबर खांडीतून आत आली. त्या दिवशी कुणी कोळी जाळं टाकत नाही, म्हणून मला प्रथम डोळ्यांवर विश्वास बसला नाही. होडीत पन्नाशीच्या आतला एकटा माणूस, पुढ्यात फडक्याने झाकलेलं केळीचं पान. मी हात जोडून देवळाकडे दाखवलं. त्याने वळून पाहिलं, एक शिवी हासडली, होडी बांधाला लावली. ‘चढा. वल्हं मारता येतं?’

‘येत होतं.’

‘येत होतं म्हंजे येतं. डावीकडे मारा. त्या आंब्यांच्या मदी डोह हाय, तिकडं न्हाय जायाचं.’

परक्या माणसाला तो डोह ठाऊक कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही. आम्ही देवळाशी पोचलो तेव्हा पाणी जोत्यावर चढलेलं होतं. आधी म्हाताऱ्याला घेतलं. त्यांच्या छातीशी पिशवीत बायकोचा फोटो होता, तो ते सोडत नव्हते. होडीवाला म्हणाला, ‘बाबा, वहिनींना दोन्ही हातांनी धरलंत तर होडीला काय धरनार? एक हात मला द्या.’ म्हातारे त्या अवस्थेत हसले आणि त्यांनी हात दिला. मग मृणाल चढली. मी गाभाऱ्यात पाहिलं. पाणी देवीच्या पायांशी आलं होतं आणि ती आमच्याकडे बघत होती, रागाने नाही, इतकंच मला सांगता येतं.

आतल्या बांधाच्या उंच टोकाला त्याने आम्हाला उतरवलं. मग एकटाच होडी थोडी मागे नेली आणि फडकं काढून ते पान पाण्यावर सोडलं. भात, वडे, वर बोंबलाचा तुकडा. हात जोडून तो म्हणाला, ‘बाबा, हिराजी बाबा, जेवून घ्या.’

परत येऊन तो मृणालच्या वडिलांना सहज सांगू लागला. ‘थळला असतो आमी. बाबा गेल्या पौषात गेले. जाताना म्हणाले, माझं पान थळच्या समुद्रात नको, आपल्या जुन्या खाडीत सोड, उघाडीच्या आईसमोर. कोलीवाड्यातनं मामाची होडी घेतली. उधाणाबिगर होडी हितं येत न्हाय, म्हणून ही वेळ धरली. न्हायतर मी कशाला येतो, ह्या गावानं आमाला हाकलला.’

त्याचं नाव धर्मा. मी त्याला लहानपणी खांद्यावर घेतलं होतं. त्याने मला ओळखलं नाही.

मृणाल पाण्याकडे बघत होती. ‘म्हणजे हे तळं नाही?’

‘समुद्र आहे, पोरी,’ मी म्हणालो. ‘दुपारी येतो, संध्याकाळी जातो.’

‘मग मला भास झाला नव्हता.’ तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. मग ती माझ्याकडे वळली. ‘तुम्हाला कसं कळलं आम्ही इथे आहोत?’

‘फोरमवर वाचलं. मी जुना गडी.’

‘तुम्ही पूर्वेचं धरण म्हणाला होतात.’

‘हो. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं हे कुठलं ते.’

‘मग सांगितलं का नाही?’

धर्मा दोरी गुंडाळत होता. त्याचा हात थांबला नाही, पण तो ऐकत होता. तिथे सगळं खरं सांगून टाकावं असं मला वाटलं. हिराजीचा मुलगा समोर, देवी समोर, पाण्यावर त्याच्या बापाचं पान हळूहळू तरंगत चाललेलं. याहून नेमकी वेळ आणि जागा कुणी कुणासाठी कधी मांडली असेल असं मला वाटत नाही. मी म्हणालो, ‘भीती वाटली.’ तेवढंच. तिला वाटलं मला जागेची भीती म्हणायची आहे.

धर्मा म्हणाला, ‘बरोबर हाय. भ्यावंच अशा जागेला. बांध फुटला त्या रातीला बाबा हितनंच होडीनं गेले होते. सांगायचे, बांधावर कंदील होता न् कंदिलाजवळ कोन नव्हता. मी इचारायचो, कोनाची पाळी होती, नाव सांगा. तर म्हणायचे, त्याची बायको समोर उभी राहून नाही म्हणाली रे, आन् आत त्याचं खोकनं ऐकू येत होतं. एवढा भ्यालेला मानूस, त्याला आनखी काय भेववायचं.’

त्याने होडी ढकलली. मृणालच्या वडिलांनी त्याचे पाय धरायचा प्रयत्न केला, तर तो उडी मारून होडीत चढला आणि म्हणाला, ‘मला न्हाय, बाबांना सांगा. त्यांनी धाडलं मला.’ मी नुसता हात वर केला. ‘सावकाश जा,’ असं म्हणालो. मग तो खांडीपाशी पाणी थांबायची वाट बघत राहिला, आणि पाणी थांबल्यावर बाहेर गेला. तो सगळा वेळ मी हाक मारू शकलो असतो.

घरी येऊन फोरमवर मी खरं लिहिलं, तळ्याविषयीचं. भरती-ओहोटीचं गणित, डोह, कुठल्या तिथीला पाऊल टाकू नये ते सगळं. नकाशेवाल्याने नकाशावर तिथे लाल खूण केली. मृणालने एकच ओळ लिहिली, बाबा बरे आहेत. हिराजीविषयी मी लिहिलं नाही. थळला दोनदा गेलो, कोळीवाड्याच्या तोंडाशी उभा राहून दोनदा परत आलो.

ही कृपा मला का मिळाली, याचा विचार मी सोडून दिला आहे. ज्याचं मी घर मोडलं त्याच्याच नावाच्या घासाने दोन जीव वाचले, आणि माझ्या हातून तिसरं पाप होता होता राहिलं. मी धावत होतो, सदरा हलवत होतो, तोवर बिघडत होतं. बसलो, तेव्हा तिने हातात घेतलं. शरण जाणं म्हणजे काय ते मला एवढंच कळलं, की आपलं हात हलवणं थांबतं. पण तेही अर्धंच. तिच्यापुढे बसता येतं, ती काही विचारत नाही. माणसापुढे बसायला जे लागतं ते मला अजून मिळालेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. थळला कुणी वाचलं तर धर्माला वाचून दाखवावं. त्याला जे बांधावर सांगायचं होतं, आणि त्याच्या बापाला माझ्या दारातच सांगायला हवं होतं, ते असं:

हिराजी, त्या रात्री मी उघाडीवर नव्हतो. ओंडका तुझा नव्हता. तू दारात उभा होतास तेव्हा मी आत होतो. मला क्षमा कर.